‘दोघांचाही फायदा’ लिहिलंस, पण तुझा फायदा कुठे लिहिलास?

आज संध्याकाळी ताईकडे गेले होते. चहाचा कप हातात यायच्या आत भाच्याने लॅपटॉप पुढ्यात ठेवला. तीन आठवड्यांपूर्वी त्याने आणि त्याच्या दोन मित्रांनी द्राक्ष निर्यात करणाऱ्या एका मोठ्या कंपनीला भागीदारीचा प्रस्ताव मेल केला होता. अजून साधी पोचही नाही. "मावशी, तूच सांग, यात चुकलं काय?" मी वाचला आणि इतकी चिडले की चहा तसाच राहिला. घरी आले तरी डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

पोरांचं काम चांगलं आहे, हे आधी सांगते. सतरा वर्षं पॅकहाऊसमध्ये क्वालिटी बघितलीय मी, मला कळतं. कंटेनरमध्ये चढवण्याआधी माल गार करतात त्या प्रीकूलिंगच्या खोलीबाहेर डिस्प्लेवर एक अंश दिसतो, पण ते खोलीतल्या हवेचं तापमान. पॅलेटच्या पोटातल्या पेटीतला मणी तेव्हा सात-आठ अंशांवर असू शकतो. आपल्याकडे माणूस हातात प्रोब घेऊन जातो आणि हात पोचेल त्या कडेच्या पेटीत टोचतो. कडेचा माल गार झालेलाच असतो. रजिस्टरला चार अंश लागतात, पॅलेट बाहेर निघतं, कंटेनरमध्ये चढतं. कंटेनरचं मशीन गार माल गार ठेवण्यापुरतं असतं. गरम चढलेला माल खाली आणायची ताकद त्यात नसते. मग पोटातल्या पेट्या तशाच समुद्रावर जातात आणि रॉटरडॅमहून तपकिरी देठांचे, मऊ मण्यांचे फोटो येतात. 2024च्या सीझनला जहाजं लाल समुद्र सोडून आफ्रिकेला वळसा घालून गेली, तेव्हा ज्यांचा माल नीट गार झाला नव्हता त्यांनी काय भोगलं ते इथल्या माझ्या मित्रमंडळींना वेगळं सांगायला नको.

या पोरांनी सुईसारखा सेन्सर केलाय. पॅलेट लावतानाच तो मधल्या पेटीतल्या मण्यात टोचायचा, आणि मणी चार अंशांवर आला की इन्चार्जच्या मोबाइलवर मेसेज. बस, एवढंच. आणि मेलमध्ये काय लिहिलंय? पहिल्या परिच्छेदात ‘आम्ही नावीन्याचा ध्यास घेतलेले तरुण’. दुसऱ्यात कॉलेजच्या स्पर्धेतलं बक्षीस. तिसऱ्यात शेतीचं भविष्य. चौथ्यात ‘ही भागीदारी दोघांनाही लाभदायक ठरेल’. सोबत नऊ एमबीचं प्रेझेंटेशन. मेल info@ वर, सीसीमध्ये थेट डायरेक्टर. मण्याचं तापमान हा शब्द प्रेझेंटेशनच्या बाराव्या पानावर! आणि समोरच्याने नेमकं काय करायचं, एक खोली द्यायची, पैसे द्यायचे की नुसतं भेटायचं, ते कुठेच नाही.

आणि तारीख? फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. अरे, तेव्हा पॅकहाऊसमध्ये माणसाला डबा उघडायला वेळ नसतो! ट्रॅक्टर, पिकअप गेटबाहेर उभे, कंटेनरची वेळ बांधलेली, आणि तुम्ही भागीदारीचं बोलणार? मी ओरडलेच त्याच्यावर. ताईला वाईट वाटलं. वाटू दे.

ओरडले त्याला कारण आहे. मला सारखा एक पेटीवाला आठवत होता.

मी ज्या कंपनीत होते (नाव घेणार नाही), तिथे बऱ्याच वर्षांपूर्वी सातपूरच्या एका माणसाचा मेल आला होता. तो आणि त्याचा भाऊ, दोघांचाच कारखाना, कोरुगेटेड पेट्यांचा. मेल दहा-बारा ओळींचा, इंग्रजी मोडकंतोडकं. पण पहिलीच ओळ अशी होती की तुमच्या पॅलेटच्या सगळ्यात खालच्या पेट्या कोल्डमध्ये बसतात, हे मी तुमच्या ड्रायव्हरकडून ऐकलंय. मी खुर्चीत सरळ बसले, कारण ते खरं होतं. कोल्ड रूमच्या दमट हवेत पुठ्ठा पाणी ओढतो, पेटीची ताकद निम्म्यावर येते, आणि वरच्या थरांचं वजन खालच्या पेटीतल्या घडांवर येतं. त्याने लिहिलं होतं की तुमच्या पेटीला हवेची भोकं कोपऱ्यांच्या फार जवळ आहेत, पेटीचा भार कोपरेच पेलतात, भोकं मध्ये सरकवली तर हवाही जाईल आणि पेटीही उभी राहील.

त्यापुढची ओळ मला अजून पाठ आहे. ‘यात माझा फायदा असा की माझ्याकडे कोल्ड रूम नाही. माझी पेटी दमट गारव्यात तीन आठवडे उभी राहते का, हे मला तुमच्याकडेच कळेल.’

त्याने एक पॅलेट मागितलं, म्हणजे सव्वाशे-एकशेतीस पेट्या. तेही निर्यातीच्या मालाचं नको, लोकल बाजाराचा माल घाला, पेटी बसली तर त्या मालाचे बाजारभावाने पैसे मी देतो. शेवटी काय हवंय तेही स्पष्ट. चाचणी बरी झाली किंवा वाईट, कंपनीच्या लेटरहेडवर आकड्यांसह दोन ओळी द्या आणि त्या मला दुसऱ्यांना दाखवू द्या. मी त्याच दिवशी उत्तर दिलं.

भाच्याला हेच समजावत होते. अशा मेलवर आमच्यासारख्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो, यांना यातून काय मिळणार? तू नुसता आमचा फायदा लिहिलास तर आम्हाला वाटतं हा काहीतरी लपवतोय. उद्या मोठं बिल लावेल, नाहीतर आमची माहिती दुसऱ्या निर्यातदाराला विकेल. तुमच्याकडे द्राक्षंच नाहीत रे! सकाळी काढलेला माल वेगळा गार होतो, मार्चमध्ये दुपारी काढलेला वेगळा, आतल्या प्लॅस्टिकच्या लायनरने पेटीची भोकं झाकली गेली तर त्याहून वेगळा. या शेकडो पॅलेटची रीडिंग तुम्हाला घरात बसून मिळणार नाहीत, ती त्यांच्याकडे आहेत. हीच तुमची गरज आहे. लिही ना सरळ! रीडिंग आमच्याकडे राहतील, बागेचं नाव आणि ग्राहकाचं नाव त्यात नसेल, तुमच्याशिवाय कोणाला दाखवणार नाही, असं लिही. त्याशिवाय त्यांच्या मनातली शंका जायची नाही.

आणि त्यांचा फायदा त्यांच्या हिशेबात लिही. आमच्याकडे एका बॅचला आठ तास ठरलेले होते. का आठ, कोणालाच माहीत नाही, पूर्वीपासून चालत आलेले. थंड सकाळचा माल सहा तासांत खाली यायचा आणि दोन तास पंखे फुकट फिरायचे. दुपारचा माल नऊ तासांतही यायचा नाही आणि आम्ही तो आठव्या तासाला बाहेर काढायचो. एका खोलीत एक महिना बघू, किती बॅच लवकर निघाल्या आणि किती थांबवाव्या लागल्या एवढंच मोजू, असं लिहिलंस तर कोल्डचा इन्चार्ज स्वतः फोन करेल. पत्ता त्याचाच शोध. रात्री दोनला उठून खोलीत जातो तो. डायरेक्टर रात्री झोपलेला असतो.

हां, मोठ्या कंपन्यांना रोज असे ढिगाने मेल येतात आणि प्रत्येकाला उत्तर देणं जमत नाही, हे मान्य. पण एक ओळ? ‘सीझननंतर बोलू’ एवढीसुद्धा नाही?

आता पेटीवाल्याचं पुढचं सांगते, कारण भाच्याने विचारलं आणि मी तिथे नीट सांगितलं नाही.

पेटी उभी राहिली. तीन आठवड्यांनी पॅलेट उघडलं तेव्हा मी हजर होते. सगळ्यात खालचा थर मी स्वतः हाताने दाबून बघितला, कोपरा ताठ होता, घड कोरडे. आम्ही सगळे खूश. मग वरून निरोप आला की दोन वर्षं ही पेटी दुसऱ्या कोणाला द्यायची नाही असं त्याच्याकडून लिहून घ्या. तो नाही म्हणाला. म्हणाला, मॅडम, दोन सीझन भाव वाढवत नाही, पण एकाच गिऱ्हाइकावर कारखाना कसा चालवू? बरोबर होतं त्याचं. त्यानंतर महिन्याभरात त्याचं ड्रॉइंग आमच्या जुन्या पेटीवाल्याच्या टेबलावर होतं, वीस पैसे कमी भावाने. ड्रॉइंग त्यानेच विश्वासाने मेलला जोडलं होतं. आणि चाचणीच्या पेट्यांचं बिल पाच महिन्यांनी निघालं. ते लेटरहेडवरचं पत्र? ते मी टाइप करून सहीला ठेवलं होतं. सही झालीच नाही. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही.

लिहितानाही गळ्याशी येतंय. एवढा प्रामाणिक मेल लिहिणाऱ्या माणसाचं आम्ही हे केलं.

म्हणून रात्री भाच्याला फोन करून आणखी तीन गोष्टी सांगितल्या. सर्किट, ड्रॉइंग काही मेलला जोडायचं नाही, आधी वकिलाकडे जाऊन पेटंटचा अर्ज टाका, मग दाखवा. चाचणी पूर्ण फुकट देऊ नका, दहा-पंधरा हजारांची का होईना, पर्चेस ऑर्डर मागा. फुकट आलेल्या वस्तूवर कंपनीत कोणाचंच नाव नसतं, एक सेन्सर मोडला की उरलेले कोपऱ्यात पडतात. ऑर्डर निघाली की कोणाची तरी सही असते, तो विचारत राहतो. आणि मेलखाली उद्यम नोंदणीचा नंबर टाका. छोट्या उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे नेता येत नाही, 2006चा कायदा आहे, आणि आता वेळेत न दिलेलं बिल त्यांना प्राप्तिकरात त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. अकाउंट्सवाला तो नंबर बघतोच. ऑर्डर हातातून जाईल म्हणून छोटा माणूस तक्रार करत नाही, तेही खरंच.

तो म्हणाला, "मावशी, मग आता परत कधी पाठवू?" एप्रिलनंतर यंत्रं थंड होऊ देत म्हटलं. जून-जुलैत पॅकहाऊसची डागडुजी चालते, मागच्या सीझनचे क्लेम टेबलावर असतात, तेव्हा माणूस ऐकतो. गोडी छाटणी सुरू व्हायच्या आत खोली ठरलेली हवी. आवाज उतरला होता त्याचा. ओरडायला नको होतं मी एवढं. पोरगं रात्र-रात्र जागून सोल्डरिंग करतंय, बोटं भाजलीत त्याची, आज चहाच्या वेळी बघितली मी.

नवा मेल आम्ही दोघांनी मिळून केलाय, चौदा ओळींचा. दुसऱ्याच परिच्छेदात आहे, ‘आमच्याकडे द्राक्षं नाहीत, म्हणून आम्ही तुमच्याकडे आलो आहोत.’

दिंडोरी, पिंपळगाव, निफाड भागात कोणाचं प्रीकूलिंग असेल आणि पुढच्या सीझनला एक खोली महिनाभर देता येणार असेल, तर मला मेसेज करा. पर्चेस ऑर्डर लागेल, आणि महिन्याच्या शेवटी बरं-वाईट जे असेल त्याचं सहीचं पत्र लागेल. आणि सातपूरचे ते पेटीवाले भाऊ कोणाच्या ओळखीत असतील, तर त्यांचा आत्ताचा नंबर द्या. माझ्याकडचा लागत नाही.