कोकमाच्या दोन बाटल्या आणि सात चौकटी

माझा चुलतभाऊ फोंड्याला कोकम आगळाचा धंदा करतो. परवा रात्री त्याचा फोन आला, "ताई, सर्व्हे केला. आपल्याला भरवशात ५.६, पलीकडच्या ब्रँडला ४.८. पोस्टर छापायला टाकू?"

म्हटलं, कागद घेऊन घरी ये.

पद्धत त्याने बरोबर उचलली होती. सिमँटिक डिफरेन्शियल म्हणतात तिला. चार्ल्स ऑसगुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये ती मांडली. एका टोकाला 'बेभरवशाचा', दुसऱ्या टोकाला 'भरवशाचा', मध्ये सात चौकटी. माणूस खूण करतो, आपण डावीकडून १ ते ७ गुण देतो. मग प्रत्येक ओळीची सरासरी काढून ते ठिपके वरून खाली जोडायचे. दोन ब्रँड, दोन नागमोडी रेघा.

आलेख बघितला तर 'स्वच्छ–अस्वच्छ'च्या ओळीवर दोन्ही रेघा एकदम डावीकडे झुकलेल्या. भाऊ घाबरलेला, "लोकांना आपला माल घाणेरडा वाटतो!" दोन्ही रेघा एकाच ओळीवर एकदम वळल्या की मी आधी कागद तपासते. लोकांनी डोळे मिटून एकाच बाजूला खुणा करत जाऊ नये म्हणून काही जोड्या मुद्दाम उलट्या छापतात. इथे 'स्वच्छ' डावीकडे होतं. अशा ओळीचे गुण आलेख काढण्याआधी उलटे करायचे असतात, आठातून वजा करून. २ चे ६ होतात. ते राहून गेलं होतं.

एक जोडी तर त्याने 'घरगुती–स्वच्छ' अशी केली होती. एका बाईने त्याला तिथेच विचारलं म्हणे, "घरगुती म्हणजे स्वच्छ न्हय काय रे?" बरोबर विचारलं. ती जोडी काढून टाकली.

खरी गोम मात्र भरवशाच्या ओळीत होती. चाळीस जणांचे कागद एकेक करून चाळले. पलीकडच्या ब्रँडला सतरा जणांनी अगदी मधली चौकट दिलेली, म्हणजे ४.

"यांनी तो कधी प्यायलाय?"

"नाही वाटतं. मी आपल्याच स्टॉलवर विचारलं ना."

म्हणजे चाळीसही जण आमचंच गिऱ्हाईक! ज्याला माहीत नाही तो मधोमध खूण करतो आणि ते 'बरा-वाईट काहीच नाही' असं मत म्हणून मोजलं जातं. 'माहीत नाही' अशी वेगळी चौकट कागदावर नव्हतीच. ते सतरा बाजूला काढले. उरलेल्या तेवीस जणांची सरासरी ५.४ आली.

आमचे ५.६, त्यांचे ५.४. आणि तेही आमच्या स्टॉलवर, आमच्याच माणसांकडून. तेवीस जणांत एवढा फरक दोन-चार खुणा इकडेतिकडे झाल्या तरी पुसला जातो.

भाऊ जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे पुढच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात उभं राहायचं?"

हो, आणि त्याच्या स्टॉलपासून लांब. नवा कागद मी छापून देणार आहे, आठव्या चौकटीसकट.