ए-टू २८ टक्के म्हणजे थॅलेसेमिया मायनर?

"हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीच्या रिपोर्टमध्ये ए-टू हा प्रकार ३.५ टक्क्यांच्या वर असला की थॅलेसेमिया मायनर. माझा २८ आहे, म्हणजे नक्कीच."

नाही. बीटा थॅलेसेमिया मायनरमध्ये, म्हणजे या आजाराच्या वाहकात, ए-टू साधारण ४ ते ७ टक्के असतो, १० च्या वर क्वचितच जातो. २८ हा आकडा बहुधा हिमोग्लोबिन ई या बदललेल्या प्रकाराचा आहे.

यंत्र रेणू ओळखत नाही, तो स्तंभातून किती मिनिटांनी बाहेर पडला एवढंच पाहतं. स्तंभातली ऋणभारित राळ धनभारित हिमोग्लोबिनला धरून ठेवते. ई मध्ये बीटा साखळीच्या २६व्या जागी ऋणभारित ग्लुटामिक आम्लाऐवजी धनभारित लायसीन असतं. त्यामुळे ते नेहमीच्या हिमोग्लोबिन ए पेक्षा उशिरा, नेमकं ए-टूच्या वेळेत उतरतं आणि दोघांची बेरीज 'ए-टू' म्हणून छापली जाते. हिमोग्लोबिन सी या दुसऱ्या बदललेल्या प्रकारातही लायसीनच येतं, पण ६व्या जागी. ते आणखी उशिरा, वेगळं शिखर दाखवतं. म्हणून इथे सी चा गोंधळ होत नाही.

खात्रीसाठी केशिका विद्युतसंचरण ही दुसरी तपासणी करावी, त्यात ई आणि ए-टू वेगळे दिसतात. जोडीदाराचीही तपासणी हवीच: एकाकडे ई आणि दुसऱ्याकडे बीटा थॅलेसेमिया असेल तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला दोन्ही मिळण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि तो आजार गंभीर असू शकतो.