पहिले बूट आणि सपाट पावलांची भीती

"बाळ पाऊल टाकू लागलं की लगेच घोट्याच्या वर येणारे, कडक तळाचे, आतून कमान असलेले बूट घाला आणि घरातही काढू नका. कडक तळाने मूल लवकर चालतं, आणि अनवाणी फिरलं तर पावलं सपाट राहतात. बूट दोन नंबर मोठेच घ्या, वर्षभर पुरतात."

पहिले बूट घेताना असा सल्ला ऐकायला मिळतो, तो एकेक तपासून पाहू. सपाट पावलांपासून सुरुवात करते, कारण आईवडील घाबरतात ते त्यालाच. वर्षाच्या बाळाचं पाऊल सपाट दिसणारच. कमानीच्या जागी तळव्यात चरबीची मऊ गादी असते आणि सांधेही सैल असतात. पाच-सहा वर्षांपर्यंत गादी विरते, स्नायुबंध घट्ट होतात आणि कमान हळूहळू दिसू लागते. खात्री करायची असेल तर मूल कपाटावरचं खेळणं घ्यायला चवड्यांवर उभं राहील तेव्हा मागून पाहा. तळव्याच्या आतल्या बाजूला खळगा पडला, तर पाऊल लवचीक आहे, काळजी नको. पाऊल ताठ असेल, दुखत असेल, एकच पाय वेगळा पडत असेल किंवा दीड वर्षानंतरही मूल आधाराशिवाय चालत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

अनवाणी फिरण्याने पावलं सपाट राहतात, याच्या उलटच मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांना आढळलं. त्यांनी 4 ते 13 वर्षांच्या 2300 मुलांचे पाऊलठसे तपासून 1992 मध्ये निष्कर्ष छापले. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलं 8.6 टक्के, तर अनवाणी वाढलेल्यांत 2.8 टक्के. ही पाहणी आहे, त्यामुळे बुटांनीच पावलं सपाट केली असं त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. पण अनवाणी राहून नुकसान होतं, याला तिथे कसलाच आधार नाही. बुटाच्या आतल्या कमानीचंही तसंच. अमेरिकेत 1989 मध्ये छापलेल्या अभ्यासात लवचीक सपाट पावलांच्या मुलांना तीन वर्षं खास बूट आणि आधार देऊन पाहिले. काहीच न दिलेल्या मुलांपेक्षा त्यांची पावलं वेगळी झाली नाहीत.

कडक तळाने मूल लवकर चालेल, हे तर मला अजिबात पटत नाही. चालायला शिकणारं मूल तासाला दोन हजारांहून जास्त पावलं टाकतं आणि सतराएक वेळा पडतं, असं न्यूयॉर्कमध्ये मोजलं गेलं आहे. तोल सावरताना ते बोटांनी जमीन पकडतं, फरशी गार आहे की ओली हे तळव्याला कळतं. कडक तळ तेच झाकून टाकतो. म्हणून घरात अनवाणीच राहू द्या. नुसते मोजे घालून फरशीवर सोडू नका, घसरतं. बाहेर तापलेला डांबरी रस्ता, काचा, काटे, पावसाळ्यात मातीतून पायात शिरणारे जंत, यांसाठी बूट हवेतच. दुकानात बूट हातात घेऊन वाकवून पाहा. तो चवड्याच्या जागी, म्हणजे पुढच्या तिसऱ्या भागात, दोन बोटांच्या जोराने वाकला पाहिजे. मधोमध दुमडत असेल किंवा वाकतच नसेल, तर ठेवून द्या. बोटांकडचा भाग रुंद हवा आणि पट्टा पावलाला धरून ठेवणारा हवा. घोट्याची उंची गौण आहे.

आता दोन नंबर मोठे घेण्याबद्दल. माझ्या चौदा महिन्यांच्या भाचीला "सारखी अडखळते" म्हणून माझ्याकडे आणलं. तिला कागदावर उभं करून, पेन्सिल सरळ धरून दोन्ही पावलांची रेघ काढली. उजवं 11.9 सेंटिमीटर, डावं 12.1. मोजायचं उभं करूनच, आणि धरायचं ते मोठं पाऊल. मग बुटातला सुटा तळवा काढून मोजला, तो निघाला 14.6. पुढे अडीच सेंटिमीटर मोकळे! बूट त्या रिकाम्या जागी दुमडत होता आणि ती गुडघे उचलून पाण्यातून चालल्यासारखी चालत होती. भारतात चालणाऱ्या मापात एका नंबराचा फरक साधारण 8 मिलिमीटर असतो, म्हणजे दोन नंबरांत दीड सेंटिमीटरहून जास्त.

पुढे हवी तेवढी जागा म्हणजे एक सेंटिमीटर किंवा किंचित जास्त. ती बाहेरून अंगठा दाबून पाहू नका, कारण दाबलं की मूल बोटं आखडून घेतं आणि जागा आहे असं वाटतं. घट्ट बुटानेही ते रडेलच असं नाही. हाडं अजून बरीचशी कूर्चेची असतात, दाबली तरी मुकाट दबतात. म्हणून बूट काढल्यावर बोटांवर लाल वळ राहतात का ते पाहा आणि दर दोन महिन्यांनी कागदावरची रेघ पुन्हा काढा.

भाचीला 13.2 सेंटिमीटर तळव्याचे मऊ बूट घेतले. अडखळणं त्याच आठवड्यात कमी झालं. चार महिन्यांनी पुन्हा रेघ काढली तेव्हा डावं पाऊल 12.7 भरलं. जागा उरली होती फक्त 5 मिलिमीटर, आणि ते बूट तिथेच बाद केले.