जाडजूड फँटसी वाचणाऱ्यांनो, एक गेम खेळा. त्यात तांड्याचं धान्य संपत आलेलं असतं

आमच्या वाचनाच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी हाच प्रश्न येतो, की सातशे-आठशे पानांचे खंड वाचून झाले, पुढचा खंड कधी येईल काही भरवसा नाही, तर तसलंच जग आणि तसलेच पेचात टाकणारे निर्णय असलेला एखादा गेम सांगा ना. खाली लगेच मोठमोठ्या गेम्सची यादी पडते, दोनशे तास लागणाऱ्या आणि नवा ग्राफिक कार्ड घ्यायला लावणाऱ्या. त्या गेम वाईट नाहीत, मीही त्यातल्या काही खेळलेय. पण मी दर वेळी एकच नाव सांगते आणि आज जरा सविस्तर सांगणार आहे. द बॅनर सागा.

हा 2014 सालचा गेम. स्टोइक नावाच्या छोट्या स्टुडिओने केला, बायोवेअर या मोठ्या गेम कंपनीतून बाहेर पडलेल्या तिघांनी सुरू केलेला स्टुडिओ. पैसे 2012 मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून जमवले, सात लाख डॉलरच्या वर. सगळा गेम हाताने काढलेल्या चित्रांचा आहे, जुन्या अ‍ॅनिमेशनपटांसारखा, आणि बरंचसं वाचायचंच असतं, बोललेले संवाद अगदी थोड्या ठिकाणी. त्यामुळे वाचणाऱ्या माणसाला तो परका वाटत नाही. साधा लॅपटॉप पुरतो, मोबाईलवरही आला होता.

आधी जगाबद्दल. देव मेलेत. म्हणजे श्रद्धा उडाली वगैरे नाही, खरोखर मेलेत, आणि प्रत्येक देवाच्या नावाचा एक उंच दगड कुठेतरी उभा आहे, आपण घेऊन निघालेला, घरदार सोडून पळणाऱ्या लोकांचा तांडा त्याच्यापाशी पोचला की लोक थांबतात. सूर्य आकाशात थांबलाय, रात्र होतच नाही, आणि का थांबला ते कोणालाच माहीत नाही. माणसांच्या शेजारी वार्ल राहतात, शिंगं असलेले धिप्पाड लोक, शेकडो वर्षं जगणारे. त्यांना एका देवाने घडवलं आणि त्यांच्यात बायका नाहीत, मुलं होत नाहीत. तो देव आता नाही, म्हणजे नवा वार्ल कधीच येणार नाही. हे एकदा कळलं की लढाईत एक वार्ल पडला तरी पोटात कालवतं, कारण ती संख्या फक्त कमीच होणार असते. उत्तरेकडून ड्रेज नावाचे दगडी चिलखतातले लोक पुन्हा खाली उतरलेत, गावंच्या गावं उठून पळतायत.

आणि नकाशा! पुस्तकाच्या पहिल्या पानावरचा नकाशा ज्यांना आधी नीट बघायचा असतो त्यांच्यासाठी सांगते, इथला नकाशा कधीही उघडता येतो आणि त्यावरच्या नद्या, डोंगर, गावं, पडके किल्ले यांवर क्लिक केलं की प्रत्येकाची चार-पाच ओळींची हकीकत मिळते. तुम्ही जिथे कधीच जाणार नाही अशा जागांचीसुद्धा. मी पहिल्या दिवशी तासभर नुसता नकाशाच वाचत बसले होते.

पण माझा मुद्दा हा नाहीच. नकाशा, इतिहास, देवांची नावं कोणीही लिहू शकतं, कित्येक गेम्समध्ये शेकडो पानांचा मजकूर मेनूत कुठेतरी पडून असतो आणि आपण तो उघडतही नाही. बॅनर सागाने काय केलं, तर जगाचं सगळं ओझं एका आकड्यावर टाकलं. त्या आकड्याचं नाव रिनाऊन, आपल्या भाषेत नावलौकिक म्हणा. लढाई जिंकली, शत्रू पाडले, एखाद्या प्रसंगात शहाणपणाने वागलात की रिनाऊन मिळतो. आणि खर्च तीन ठिकाणी होतो: बाजारात तांड्यासाठी धान्य घ्यायला, लढवय्यांना वरच्या पातळीवर न्यायला, आणि त्यांच्या अंगावर घालायच्या खास वस्तू घ्यायला. पैसे वेगळे, अनुभवाचे पॉइंट वेगळे असं काही नाही, एकच थैली. म्हणजे तुमच्या आवडत्या पात्राला बळकट करायचं तर ते कोणाच्या तरी जेवणातून जातं.

स्क्रीनच्या वर तांड्यात किती साधी माणसं, किती लढणारे, किती वार्ल आणि धान्य किती दिवसांचं हे दिसत राहतं. तांडा बर्फातून चालतोय, डोक्यावर तो लांबच लांब झेंडा फडफडतोय ज्याच्यावर लोकांचा इतिहास विणलेला आहे, आणि एकेक दिवस कमी होतोय. शून्य झालं की थांबत नाही काही, तांडा चालतच राहतो, फक्त माणसांचा आकडा रोज खाली येतो. मोराल, म्हणजे तांड्याचं मनोबल, तेही उतरतं, आणि उतरलं की लढाईत प्रत्येकाची विलपॉवर कमी होते, म्हणजे उपाशी तांडा लढतोही वाईट.

आता माझ्याच खेळातला एक प्रसंग सांगते म्हणजे नीट कळेल. तुम्ही ज्यांच्यासोबत असता तो रूक, शिकारी माणूस, बायको वारलेली, आणि त्याची तरुण मुलगी अलेट, दोघंही धनुष्य चालवतात. गावचा मुखिया पहिल्याच हल्ल्यात जातो आणि तांड्याची जबाबदारी रूकवर येते, त्याला ती नको असताना. तर एका मुक्कामाला पोचले तेव्हा धान्य दोन दिवसांचं होतं आणि थैलीत चौदा रिनाऊन. अलेट वरच्या पातळीला जायला तयार होती, शत्रू पाडायची अट तिने पूर्ण केली होती, फक्त रिनाऊन द्यायचा बाकी. आदल्या लढाईत दोन जण जखमी झाले होते. जखमी म्हणजे काही दिवस त्यांची ताकद कमी, आणि या गेममध्ये ताकद म्हणजेच जीव आणि ताकद म्हणजेच घाव, एकच आकडा, त्यामुळे अर्धा जखमी माणूस घावही अर्धाच घालतो. त्यांना बरं करायचं तर तळ ठोकून विश्रांती घ्यायची, पण विश्रांतीचा प्रत्येक दिवस धान्य खातो. पुढचा बाजार किती लांब ते मला माहीत नव्हतं.

मी अलेटला वाढवलं. बाप म्हणून विचार केला असं स्वतःला सांगितलं, पोरगी जगली पाहिजे. उरलेल्या रिनाऊनचं धान्य घेतलं आणि विश्रांती न घेता निघाले. चौथ्या दिवशी धान्य संपलं. पुढे वाटेत काही लोक भेटले, घरदार सोडून आलेले, सोबत घ्या म्हणाले. मी नाही म्हटलं. या गेममध्ये मी पहिल्यांदा कोणाला नाही म्हटलं ते तेव्हा, आणि त्या "नाही"मध्ये दुष्टपणा काहीच नव्हता, चार दिवसांपूर्वी बाजारात केलेला हिशोब होता. तिथेच मी खेळ थांबवला, उठून चहा केला, आणि बराच वेळ तो निर्णय डोक्यात फिरत होता.

हेच मला सांगायचंय. बऱ्याच गेम्समध्ये नैतिक निर्णय म्हणजे दोन वाक्यं, एक संताचं आणि एक राक्षसाचं, आणि शेजारी एक पट्टी, चांगलं वागलात की निळी आणि वाईट वागलात की लाल. त्यात निर्णय काय आहे? तुम्ही आधीच ठरवून बसलेले असता की या वेळी चांगलं खेळायचं. इथे तशी पट्टीच नाही. चांगुलपणाची किंमत दिवसांत आणि माणसांत मोजली जाते आणि ती आधी कळत नाही. भिकाऱ्याला दान केलं तर स्क्रीनवर शाबासकी येत नाही, फक्त धान्याचा आकडा बदलतो. चांगल्या फँटसी कादंबरीत राजाला थंडीच्या आधी कोठारं मोजायला लागतात ना, आणि त्या मोजणीवरून त्याचा स्वभाव कळतो, अगदी तसंच.

छोटे प्रसंगही याच जातीचे आहेत. मुखियाची विधवा ऑडलीफ स्वतः उत्तम तिरंदाज, ती म्हणते तांड्यातल्या बायकांना धनुष्य शिकवू या. तांड्यातल्या सगळ्यांना ते पटत नाही, आणि ठरवायचं तुम्ही. एगिल नावाचा पोरगा आहे, अलेटवर जीव असलेला, ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा राहणारा. तो वेगवेगळ्या ठिकाणी, तुमच्या अगदी साध्या वाटणाऱ्या निर्णयाने जाऊ शकतो. माझ्याकडे तो फार लवकर गेला. नंतर अख्ख्या गेममध्ये कोणीतरी त्याचं नाव घेतं आणि पुढे सरकतं, कारण तांडा थांबत नाही.

खोटी स्तुती नको म्हणून खटकलेल्या गोष्टीही सांगते. लढाया पाटावरच्या सोंगट्यांसारख्या चौकोनांवर, आळीपाळीने. समोर एकच शत्रू उरेपर्यंत एक चाल तुमची एक त्यांची, मग संख्या कितीही असो. त्यामुळे होतं काय, की शत्रूला ठार मारण्यापेक्षा अर्धमेला करून ठेवणं फायद्याचं, कारण तो कुचकामी गडी त्यांची चाल वाया घालवतो, आणि मारला तर त्यांच्यातल्या तगड्याची पाळी लवकर येते. कथेत जीव वाचवायची धडपड आणि पाटावर हा हिशोब, हे जुळत नाही. दुसरं, काही प्रसंगांत परिणामाचा अंदाज बांधायला काहीच धागा नसतो, वाचून, विचार करून, अंधारातच दगड मारायचा. आपणहून सेव्ह करायची सोय नाही, गेम स्वतःच सेव्ह करतो, आणि त्याबद्दल लोक खूप वैतागतात, पण मला ते योग्यच वाटतं. हवं तेव्हा मागे जाऊन बरं उत्तर निवडता आलं असतं तर त्या "नाही"ला काही अर्थच राहिला नसता.

खेळायला घेतलात तर एवढं करा. लढाया जमत नसतील तर सरळ ईझीवर ठेवा, त्यात कमीपणा नाही, धान्याचा पेच तरीही राहतोच. गाईड उघडू नका, निदान पहिल्या वेळी. आणि तिन्ही भाग क्रमाने खेळा, दुसरा 2016 चा, तिसरा 2018 चा, कारण आधीच्या भागाचा सेव्ह पुढच्यात जातो, कोण जगलं कोण गेलं सगळं सोबत येतं. पहिल्या भागात ज्यांना आपण नुसते राक्षस समजून मारत आलो ते ड्रेजही कशापासून तरी पळतायत हे पुढे उलगडत जातं, आणि तेव्हा आपल्या जुन्या लढाया आठवून अस्वस्थ व्हायला होतं.

पहिल्या भागाच्या शेवटी एक बाण आहे. तो रूकने मारायचा की अलेटने, एवढंच विचारतात. तोवर दहा-बारा तास त्या दोघांना जेवू घालून, वाढवून, एकमेकांसाठी राखून झालेलं असतं. काय होतं ते मी सांगणार नाही. मी काय निवडलं तेही कमेंटमध्ये विचारू नका, ज्यांनी खेळलाय त्यांनी मेसेज करा, मला त्यावर बोलायचंय.