बाँड लॅडर म्हणजे कटकट? जरा आकडे मांडून बघू

"बाँड लॅडर म्हणजे नुसती कटकट. दहा लाख आहेत ना, पाच वर्षांचा एकच सरकारी बाँड घ्या, रेट लॉक, विषय संपला. मध्ये पैसे लागले तर विकून टाका, सरकारी कागद आहे, तोटा होत नाही. उलट लॅडरमध्ये रिटर्न कमी मिळतो."

हे गेले आठ दिवस तीन ग्रुपवर फिरतंय, शेवटी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आलं, म्हणून लिहितोय. लॅडर म्हणजे सगळे पैसे एकाच बाँडमध्ये न टाकता वेगवेगळ्या वर्षी संपणाऱ्या बाँडमध्ये वाटून टाकणं, शिडीच्या पायऱ्यांसारखं.

आधी ते "विकून टाका" बघू, कारण माणूस फसतो तो तिथेच. सरकार पैसे बुडवणार नाही हे खरं, पण पूर्ण रक्कम देतं ती मुदतीच्या दिवशी, त्याच्या आधी विकलात तर बाजार देईल तो भाव. समजा 6 टक्के कूपनचा, म्हणजे शंभराच्या बाँडवर वर्षाला सहा रुपये ठरलेलं व्याज देणारा, पाच वर्षांचा बाँड घेतला, दोन वर्षांनी घराच्या कामासाठी दोन लाख लागले आणि तोपर्यंत बाजारातला दर साडेसात झालाय. आता नवीन कागदावर साडेसात मिळत असताना तुमचा सहावाला कोण शंभरला घेईल? तीन वर्षं उरलेल्या त्या बाँडचा भाव साधारण 96 रुपये 10 पैसे येतो. म्हणजे दोन लाख हातात यायला 2,10,000 चे बाँड विकावे लागतात आणि आठ हजारांच्या आसपास तिथेच गेले. शिवाय आपण किरकोळ लॉटवाले, रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट या सामान्य माणसाला सरकारी बाँड घेता-विकता येणाऱ्या पोर्टलच्या स्क्रीनवर कधी कधी घेणाराच दिसत नाही किंवा दिसतो तो अजून खालचा भाव लावून बसलेला असतो. खात्री करायची असेल तर गरज नसताना एकदा आपल्याच बाँडचा घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा भाव उघडून बघा, दोघांत किती फट आहे ते कळेल.

लॅडरमध्ये हेच दहा लाख दोन-दोन लाखांच्या पाच पायऱ्यांत असतात, एक, दोन, तीन, चार, पाच वर्षं. दोन वर्षांनी दुसरी पायरी आपोआप पिकते, दोन लाख पूर्ण हातात, कोणाला भाव विचारायची गरज नाही. बाकीच्या पायऱ्यांचेही भाव कागदावर पडलेले असतात बरं का, फक्त त्या तुम्हाला विकाव्या लागत नाहीत. अर्थात गरज दोन पायऱ्यांच्या मध्येच आली तर विकावंच लागेल, पण मग सगळ्यात जवळची पायरी विकायची, तिला आठ महिने उरले असतील तर तेवढ्याच दरवाढीत फटका एक टक्क्याच्या आसपास बसतो.

आता "रेट लॉक". लॉक पाच वर्षांपुरता हो, सहाव्या वर्षाचं काय? आमच्या मामांनी 2015 मध्ये सगळी पुंजी एकाच पाच वर्षांच्या एफडीत टाकली होती, आठ टक्क्यांच्या वर व्याज, मजेत होते, आणि ती पिकली 2020 मध्ये, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो रेपो दर 4 टक्क्यांवर आला तेव्हा. सगळी रक्कम एकाच दिवशी त्या दिवसाच्या दराला चिकटली, घरात येणारं व्याज एका झटक्यात एक तृतीयांशाने उतरलं. बाँड असता तरी तेच झालं असतं. लॅडर असती तर त्या वर्षी पाचातली एकच पायरी त्या दराला गेली असती, बाकीच्या जुन्या दराने चालू राहिल्या असत्या, आणि मे 2022 पासून दर चढायला लागले तेव्हा दरवर्षी एकेक पायरी वरच्या दराला लागली असती. पिकलेली पायरी परत पाच वर्षांच्या कागदात टाकायची, हीच ती "कटकट", वर्षातून एकदा.

रिटर्न कमी मिळतो हे मात्र अर्धं खरं आहे, ते नाकारत नाही. छोट्या मुदतीवर बहुतेक वेळा दर कमी असतो. समजा पायऱ्यांना 5.6 पासून 6 पर्यंत मिळाले तर सरासरी 5.8, म्हणजे दहा लाखांवर पहिल्या वर्षी दोन हजार कमी. पण पाच वर्षांनी प्रत्येक पायरी पाच वर्षांचाच कागद असते, फक्त वेगवेगळ्या वर्षी घेतलेला, त्यामुळे हा फरक सुरुवातीचाच. आणि दर घसरतच गेले तर त्या पाच वर्षांत एकच बाँडवाला जिंकतो, हेही खरं.

सुरू कसं करायचं? पहिल्या पायरीला 364 दिवसांचं ट्रेझरी बिल, म्हणजे सरकारचाच छोट्या मुदतीचा कागद, पाचव्याला लिलावातला पाच वर्षांचा कागद, मधल्यांना बाजारात आधीच फिरत असलेले त्या-त्या वर्षी संपणारे सरकारी बाँड, किमान 10,000 पासून. तारखा नेमक्या बारा-बारा महिन्यांच्या अंतराने मिळत नाहीत, दोन-तीन महिने इकडेतिकडे चालतं. फक्त सरकार किंवा कंपनी मुदतीआधी परत बोलावू शकेल असा कॉलेबल बाँड यात घालू नका, दर पडले की नेमकी तीच पायरी हातातून जाते.

आणि पैसे एकाच ठरलेल्या दिवशी लागणार असतील, म्हणजे मुलीच्या अॅडमिशनची फी जून 2030 ला भरायची आहे आणि त्याआधी हात लावायचा नाही, तर लॅडर नकोच, त्याच्या महिना-दोन महिने आधी संपणारा एकच बाँड घ्या. तो मेसेज फॉरवर्ड करणाऱ्याने एवढंच लिहिलं असतं तर मी काही बोललो नसतो.