सोडियमची रेषा आणि तापमान: एका आक्षेपाला उत्तर

> "वर्णरेषेला रुंदी येते ती अनिश्चितता तत्त्वामुळे, हे पदवीच्या पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. तुम्ही सगळं तापमानावर ढकललंय. आणि नैसर्गिक रुंदी आधीच असेल, तर रुंदीवरून तापमान काढायचं कसं?"

बाष्पाच्या वर्णरेषेची रुंदी अणूंच्या हालचालीतून येते आणि तिच्यावरून तापमान काढता येतं, या माझ्या म्हणण्यावर हा आक्षेप आहे. अनिश्चितता तत्त्वातून येणारी नैसर्गिक रुंदी असतेच, प्रश्न ती किती असते याचा आहे. सोडियमची ५८९.० नॅनोमीटरची रेषा घ्या. तिच्या वरच्या पातळीचं आयुष्य सुमारे १६.२ नॅनोसेकंद. `1/(2πτ)` केलं की ९.८ मेगाहर्ट्झ येतात. अणू अगदी स्थिर असला तरी एवढी रुंदी राहणारच.

आता बाष्प ५३० केल्विनला ठेवू. अणू आपल्याकडे येतात, दूर जातात, आणि प्रत्येकाची वारंवारता थोडी सरकते. या डॉप्लर परिणामाची अर्ध्या उंचीवरची रुंदी अशी:

```
Δν = 7.16e-7 × ν0 × sqrt(T/M)
```

T केल्विनमध्ये, M अणुभार. ५३० भागिले २३ म्हणजे साधारण २३, त्याचं वर्गमूळ ४.८. ν0 = 5.09e14 हर्ट्झ धरून १.७५ गीगाहर्ट्झ मिळतात. नैसर्गिक रुंदीच्या जवळजवळ १८० पट! दोन्ही सारख्या व्हायला बाष्प शून्याच्या वर १७ मिलिकेल्विनपर्यंत थंड करावं लागेल. शिवाय या दोन रुंदींची सरळ बेरीज होत नाही. नैसर्गिक भागामुळे एकूण रुंदी जेमतेम ५ मेगाहर्ट्झने वाढते, म्हणजे तापमानात तीनेक केल्विनची चूक. मध्यापासून खूप दूर, रेषेच्या पंखांत मात्र नैसर्गिक आकारच वरचढ ठरतो, कारण डॉप्लरचा आकार तिथे फार झपाट्याने शून्याकडे जातो. म्हणून पंखांवरून तापमान काढू नये.

खरा घोटाळा दुसरीकडेच आहे. सोडियमची खालची पातळी अणुकेंद्राच्या चुंबकत्वामुळे १.७७ गीगाहर्ट्झच्या अंतराने दुभंगलेली असते. म्हणजे आपल्याला दिसणारी "एक" रेषा ही ५:३ उंचीच्या दोन रेषांची बेरीज असते, आणि त्यांच्यातलं अंतर नेमकं डॉप्लर रुंदीएवढंच! विरळ बाष्पाचं शोषण मोजलं तर मध्ये खळगा दिसत नाही. जास्त वारंवारतेच्या बाजूला नुसता खांदा दिसतो. तो दुर्लक्षून अर्ध्या उंचीवर मोजाल तर रुंदी ३ गीगाहर्ट्झच्या आसपास भरेल. सूत्रात रुंदीचा वर्ग येत असल्याने तापमान थेट तिप्पट, १,५०० केल्विनच्या वर निघेल.

तेव्हा आधी रेषा दोन्ही बाजूंनी सममित आहे का ते पाहा. नसेल तर अंतर १.७७ गीगाहर्ट्झ आणि प्रमाण ५:३ पक्कं धरून दोन सारख्या रुंदीचे वक्र बसवा. त्यातल्या एकाची रुंदी घ्या आणि उलट सूत्रात घाला:

```
T = M × (Δν / (7.16e-7 × ν0))²
```

बाष्प दाट असेल तर हेही चालणार नाही. मध्यभागी जवळजवळ सगळा प्रकाश गिळला जातो, माथा सपाट होतो आणि रुंदी पुन्हा फुगते. नळी थोडी थंड करून परत मोजा. केल्विन थोडेच उतरले आणि रुंदी मात्र भसकन घटली, तर आधी मोजलेली रुंदी दाटपणाची होती.