गोळ्यांनी टीबी जातो, नळ्या उघडत नाहीत

मूल होत नाही म्हणून माझ्याकडे तपासायला येणाऱ्या बायकांनी हे ऐकलेलं असतं: “गर्भपिशवीचा टीबी छातीचा टीबी असलेल्या बाईलाच होतो. पाळी वेळेवर येत असेल तर गर्भनळ्यांची काळजी नको. शंका आली तर टीबी-पीसीआर करा, पॉझिटिव्ह आला की सहा महिने गोळ्या घ्या, नळ्या आपोआप उघडतात.”

पहिल्या वाक्यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते पटतं. जंतू बहुतेक वेळा छातीतूनच येतो, पण कधी आला ते बाईला कळलेलंही नसतं. लहानपणी घरात कुणाला टीबी होता, जंतू श्वासातून गेला, रक्तावाटे नळ्यांत जाऊन बसला. छाती कधीच बरी झाली, खोकला आलाच नाही. वीस वर्षांनी एक्स-रे काढला तर तो स्वच्छ येऊ शकतो. त्यामुळे मी ‘तुम्हाला टीबी झाला होता का?’ एवढ्यावर थांबत नाही. ‘लहानपणी कुणाशेजारी झोपायचात?’ असं विचारते. एका अठ्ठावीस वर्षांच्या पेशंटने या प्रश्नावर पटकन सांगितलं, ‘आजीजवळ. तिला सारखा खोकला असायचा, पुढे सरकारी गोळ्या चालू होत्या.’ लग्नाला चार वर्षं झाली होती आणि दिवस राहत नव्हते.

पाळीचं म्हणाल तर हिची दर महिन्याला तारखेला यायची. फक्त वर्षभरात रक्तस्राव चार दिवसांवरून दीड दिवसावर आला होता. ते तिने कुणाला सांगितलंच नव्हतं, उलट बरंच वाटलं होतं. पाळीचा ठेका अंडाशय आणि मेंदूतली ग्रंथी धरते, नळ्यांचा त्यात काही हात नसतो. हा आजार बहुतेकदा आधी नळ्यांना धरतो आणि तिथून गर्भाशयाच्या अस्तरात उतरतो. अस्तर खराब होऊ लागलं की स्राव कमी होतो. काहींना तर तेही होत नाही. मूल न होणं एवढंच लक्षण असतं.

आता पीसीआर. सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. पीसीआर जंतूचा जनुकीय तुकडा शोधते. तो तुकडा जिवंत जंतूचा की मेलेल्या, हे तिला कळत नाही. प्रयोगशाळेत जराशी भेसळ झाली तरी ती पॉझिटिव्ह येते. नुसत्या त्या कागदावर कितीतरी बायकांना सहा महिने औषधं चालू केली जातात. उलट बाजूही तितकीच खरी: नळ्यांच्या टीबीत जंतू फार थोडे असतात, म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी आजार नाही असं ठरत नाही. (रक्तातल्या अँटिबॉडी पाहून टीबी ठरवणाऱ्या चाचण्यांवर तर केंद्र सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली आहे.)

मग ठरवायचं कशावर? गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा पाळीच्या आधीच्या दिवसांत काढायचा आणि दोन बाटल्यांत वाटायचा. एकीत फॉर्मॅलिन, ती सूक्ष्मदर्शकाखाली टीबीच्या गाठी शोधण्यासाठी. दुसरीत साधं सलाइन, ती कल्चर म्हणजे जंतू वाढवून पाहण्यासाठी आणि सीबीनॅट या यंत्रावरच्या जनुकीय चाचणीसाठी. हिचा आधीचा तुकडा दुसरीकडे काढलेला होता आणि सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनमध्ये गेला होता. फॉर्मॅलिनने जंतू मरतात, म्हणजे कल्चरची संधीच गेली. पुन्हा तुकडा काढावा लागला. यावेळी गाठी दिसल्या आणि पाचव्या आठवड्यात कल्चरमध्ये जंतू वाढला. कल्चरला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. तेवढा धीर घरच्यांना नसतो, हे मी रोज पाहते. तुकड्यात काहीच सापडलं नाही आणि संशय दाट असला, तर दुर्बिणीने पोटात पाहावं लागतं. मण्यांच्या माळेसारख्या फुगलेल्या नळ्या, त्यांवर पांढरे दाणे, यकृताभोवती चिकटलेले पापुद्रे अशा खुणा तिथे दिसतात.

राहिल्या गोळ्या. दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन. सरकारी कार्यक्रमात ती फुकट मिळतात. जंतू त्यांनी मरतो, पण नळीच्या आतल्या केसाळ अस्तरावर एकदा व्रण धरला की ते परत येत नाही. आजार लवकर सापडला तर काहींना नंतर आपसूक दिवस राहतात. मात्र अर्धवट उघड्या राहिलेल्या नळीत गर्भ अडकण्याची भीती असते, म्हणून पाळी चुकली की लगेच सोनोग्राफी.

हिच्या दोन्ही नळ्या टोकाला बंद होऊन पाण्याने फुगल्या होत्या. ते पाणी गर्भाशयात झिरपलं तर आयव्हीएफचं यश घटतं, म्हणून कोर्स पूर्ण झाल्यावर दुर्बिणीने दोन्ही नळ्या क्लिप केल्या. अस्तर बचावलं होतं, ते सात मिलिमीटरपर्यंत वाढलं. ते चिकटून गेलं असतं तर स्वतःच्या पोटात मूल वाढवणं जवळजवळ अशक्य झालं असतं. आयव्हीएफचा पहिला गर्भ रुजला नाही. दुसरा पुढच्या पाळीनंतर सोडायचा आहे.